जुळलेला मेळ

मंडळी, ही गोष्ट लिहीन लिहीन म्हणता म्हणता बरीच वर्षं गेली. लिहायला बसलो की वाटायचं, तीनशे रुपयांची तर गोष्ट, त्यात काय सांगायचं? आणि खरं सांगायचं तर त्या गोष्टीत माझी बाजू काही फार चांगली दिसत नाही. पण परवा नातवाने विचारलं, "आजोबा, तुम्ही दुकानात पैसे एवढे मोजून का घेता? मागे लाईन लागते ना!" त्याला थोडक्यात उत्तर दिलं, पण मनात ती संध्याकाळ पुन्हा उभी राहिली. म्हटलं, आता लिहूनच टाकू.

गोष्ट २०१८ सालची, दिवाळीच्या पंधरा-वीस दिवस आधीची. तेव्हा आम्ही मेहकरलाच होतो. सोयाबीनची सोंगणी उरकत आली होती, गावात मजुरीचे पैसे खेळत होते आणि किराणा दुकानांत संध्याकाळी गर्दी असायची. आमचं नेहमीचं दुकान जुन्या पद्धतीचं. पुढे लाकडी काउंटर, त्यावर तराजू, मागे डब्यांच्या रांगा आणि मालकाच्या मांडीजवळ गल्ला. मालक माझ्यापेक्षा वीस-बावीस वर्षांनी लहान. मी त्यांना भाऊ म्हणतो, ते मला सर म्हणतात. त्यांच्या वडिलांपासून आमचं खातं तिथे आहे.

त्या संध्याकाळी मी किलोभर पोहे, अर्धा किलो शेंगदाणे आणि चहापत्तीचा पुडा घेतला. पोहे ४५, शेंगदाणे ६०, चहापत्ती ३०, एकूण १३५ रुपये. भाऊंनी बिलबुकात लिहिलं, खाली कार्बन होताच, वरचा कागद फाडून मला दिला. मी २०० ची नोट काउंटरवर ठेवली आणि तेवढ्यात लाईट गेली.

आता लाईट जाणं आम्हाला काही नवीन नाही. भाऊंनी चार्जिंगचा दिवा लावला. त्या पांढुरक्या उजेडात माझ्या शेजारी एक मुलगी उभी होती. दहा-अकरा वर्षांची असेल. शाळेचा गणवेश अजून अंगावर, हातात कापडी पिशवी. तिचंही सामान काढून झालं होतं. तिने मुठीत धरलेली, चार घड्या घातलेली नोट उलगडून काउंटरवर ठेवली. माझी नोट आणि तिची नोट शेजारी शेजारी पडल्या होत्या. भाऊंनी दोन्ही उचलल्या, गल्ल्यात टाकल्या, सुटे पैसे मोजून आधी माझ्या हातात दिले, मग तिला. मी न मोजता खिशात टाकले, बॅटरी लावली आणि घरी आलो.

घरी आलो तोवर लाईट आली होती. खिसा रिकामा करून टेबलावर ठेवायची माझी जुनी सवय. पाहतो तर शंभराच्या तीन नोटा, एक पन्नासची, एक दहाची आणि पाचाचं नाणं. ३६५ रुपये! यायला हवे होते ६५. घरून निघताना माझ्या खिशात दोनशेची एकच नोट होती, त्यामुळे शंकेला जागाच नव्हती. भाऊंनी माझी नोट पाचशेची समजून हिशेब केला होता. तीनशे रुपये जास्त आले होते.

आता इथून पुढे मी जसं घडलं तसंच लिहितो. पहिल्यांदा मला काय वाटलं? तर बरं वाटलं. हो, पस्तीस वर्षं मुलांना प्रामाणिकपणाचे धडे शिकवलेल्या माणसाला आधी बरं वाटलं. वाईट त्यानंतर वाटलं. आणि वाईट वाटायला लागल्यावर मन लगेच वकिली करायला लागलं. दोन वर्षांपूर्वी याच दुकानातून आणलेली तूरडाळ किडकी निघाली होती, ती भाऊंनी परत घेतली नव्हती. गेल्या पाडव्याला गूळ वजनाला कमी भरला होता, असा आमच्या सौ.चा अजूनही दावा आहे. एवढ्या वर्षांत या दुकानाने आपल्याकडून कळत नकळत तीनशे रुपये जास्त घेतलेच असतील की! बघा, माणूस हिशेब कसा मांडतो. किडकी डाळ माझ्या लक्षात होती. पण आई गेली तेव्हा याच दुकानाने महिनाभर उधारीचा शब्द काढला नव्हता, ते त्या रात्री काही आठवलं नाही.

सौ. म्हणाली, "उद्या देऊन टाका." मी हो म्हटलं, तीनशे रुपये एका पाकिटात घालून देवघरातल्या फळीवर ठेवले. दुसऱ्या दिवशी खामगावला भाचीचं लग्न होतं, सकाळच्याच एसटीने निघायचं होतं. लग्न, मग शेगावला दर्शन, मग भाच्याने ठेवून घेतलं. परत येईपर्यंत चार दिवस गेले. आल्यावर आणखी एक दिवस नुसता आळसात गेला. म्हणजे सहाव्या दिवशी पाकीट घेऊन मी दुकानात गेलो. एक फोन केला असता तर भागलं असतं. भाऊंचा नंबर माझ्याकडे होता.

वाटेत मला एकच काळजी वाटत होती, ती दुकानात काम करणाऱ्या पोराची. काही दुकानांत गल्ल्यात पैसे कमी निघाले की ते कामावरच्या पोराच्या पगारातून कापतात. तसं काही झालं असेल तर आपल्यामुळे त्या पोराचे तीनशे गेले, असं मनात घेऊन मी दुकानात पोचलो. दुपारची वेळ होती, गिऱ्हाईक नव्हतं. पाकीट पुढे ठेवून सगळं सांगितलं.

भाऊंनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. "नाही सर. तुमची काहीतरी चूक होते. माझा त्या दिवशीचा मेळ बसला आहे."

मला वाटलं, सरांचा मान ठेवायला म्हणत असतील. पण त्यांनी कीर्द काढून माझ्यापुढे ठेवली. वडिलांनी घालून दिलेली शिस्त आहे, रात्री दुकान बंद करायच्या आधी मेळ घातल्याशिवाय ते उठत नाहीत. त्या दिवशीचं पान असं होतं. सकाळी गल्ल्यात ठेवलेली सुट्टी रक्कम १,५००. दिवसभराची रोख विक्री, म्हणजे बिलबुकाच्या कार्बन प्रतींची बेरीज, ८,२१५. उधारीची वसुली ६००. त्यातून हमाली आणि दुधाचे दिलेले ३४० वजा. शिल्लक असायला हवी ९,९७५. आणि गल्ल्यात मोजून निघालेली रक्कमही ९,९७५. खाली भाऊंची सही.

"तीनशेचा फरक असता तर मी रात्री बारापर्यंत बसलो असतो, सर," भाऊ म्हणाले. आणि ते खरंच बसले असते. फरक कसा शोधायचा हेही त्यांना पक्कं माहीत. फरकाच्या रकमेला नऊने भाग गेला तर ते आधी लिहिताना आकडे उलटे पडले का ते बघतात, म्हणजे ६३ च्या जागी ३६ वगैरे. त्या दोहोंत फरक २७, म्हणजे नऊ त्रिक. फरक एखाद्या बिलाएवढाच निघाला तर ते बिल दोनदा धरलं किंवा सुटलं. वडिलांनी शिकवलेल्या या खुणा. पण त्या दिवशी शोधायला फरकच नव्हता.

मी घरी परतायला मोकळा होतो. दुकानदार स्वतः म्हणतो आहे की पैसे माझे नाहीत. पण माझ्या खिशात निघताना एकच नोट होती हे मला पक्कं माहीत होतं. जन्मभर गणित शिकवलं आहे, दोनशेतून एकशे पस्तीस गेले तर तीनशे पासष्ट उरत नाहीत एवढं नक्की. मग माझ्याकडे तीनशे जास्त आणि गल्ल्यात तीनशे कमी नाहीत, हे एकाच वेळी खरं कसं असेल?

असेल. एकाच परिस्थितीत असेल. तीनशे रुपये तिसऱ्याच कोणाचे तरी कमी झाले असतील तर.

हे डोक्यात आलं आणि माझ्या डोळ्यांपुढे ती मुठीतली चार घड्यांची नोट आली.

"भाऊ, त्या दिवशीचं बिलबुक काढा," मी म्हटलं. माझं १३५ चं बिल सापडलं. त्याच्या पुढचंच बिल होतं १८० रुपयांचं. तेलाचं पाकीट ९५, साखर एक किलो ४०, तूरडाळ अर्धा किलो ४०, बिस्किटाचा पुडा ५. मी कागदावर मांडून दाखवलं. समजा तिची नोट पाचशेची होती. तिला मिळायला हवे होते ३२०, मला ६५. दोन्ही मिळून ३८५ गल्ल्यातून जायला हवे. आता भाऊंनी नोटांची अदलाबदल केली असं धरा. माझी पाचशेची समजून मला दिले ३६५. तिची दोनशेची समजून तिला दिले २०. बेरीज करा. पुन्हा ३८५! गल्ल्यात नोटा आल्या त्या दोन्ही वेळी सातशेच्याच, आणि सुटे गेले ते दोन्ही वेळी तेवढेच. गल्ल्याला काय कळणार?

मेळ घातल्याने जी चूक सापडते ती एकतर्फी चूक. एकाला जास्त दिले की गल्ला कमी भरतो, कमी दिले की जास्त भरतो. पण एकाचे दुसऱ्याला गेले तर गल्ला दोघांकडेही बघत नाही. कीर्दीला माणसं दिसत नाहीत, तिला फक्त बेरीज दिसते. हे मी शाळेत मुलांना उलट बाजूने नेहमी सांगायचो, की उत्तर बरोबर आलं म्हणजे रीत बरोबर असतेच असं नाही, दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतात. पण ते फळ्यावर होतं.

भाऊ कागदाकडे बघत राहिले. बराच वेळ बोलले नाहीत. मग हळू आवाजात म्हणाले, "सर, तिची आई आली होती."

दुसऱ्याच दिवशी सकाळी आली होती. पोरीला हाताला धरून. म्हणाली, पाचशेची नोट दिली होती, वीस रुपये परत आले. भाऊंनी तिला हेच पान काढून दाखवलं होतं. बाईला वाचता येत नव्हतं, पण ओळीखाली मारलेली रेघ आणि सही तिने पाहिली. भाऊंनी आवाज चढवला नाही, शिवीगाळ केली नाही. शांतपणे सांगितलं, "बाई, माझा हिशेब पैशापैशाने जुळलेला आहे. तुझ्या पोरीलाच विचार." दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती. बाई पोरीला ओढत घेऊन गेली.

मंडळी, भाऊ खोटं बोलले नव्हते. त्यांच्याजवळ पुरावा होता आणि तो पुरावा खराही होता. फक्त तो ज्या प्रश्नाचा होता तो प्रश्न वेगळा होता. गल्ल्यात पैसे कमी-जास्त आहेत का, याचं उत्तर त्या पानावर होतं. त्या पोरीने कोणती नोट दिली, याचं उत्तर त्या पानावर नव्हतंच. ते उत्तर अख्ख्या मेहकरात एकाच ठिकाणी होतं. आमच्या देवघरातल्या फळीवर, पाकिटात.

भाऊ उठले, पोराला दुकानात बसवलं आणि म्हणाले, "चला सर." पाकीट मी त्यांच्याकडे दिलं तर घेईनात. "हे माझे नाहीत, तिचे आहेत. तुम्हीच द्या." मी म्हटलं, नाही भाऊ, तुम्ही मला चुकून दिले, मी तुम्हाला परत करतो. तिचे तुम्ही देणं लागता, ते तुम्ही द्या. वाटेत यावरून आमची थोडी वादावादीही झाली. पुढे माझ्या एका वकील विद्यार्थ्याने सांगितलं की कायदासुद्धा हेच म्हणतो. १८७२ सालच्या भारतीय करार कायद्याचं ७२ वं कलम आहे, चुकीने ज्याला पैसे दिले गेले त्याने ते परत केलेच पाहिजेत. म्हणजे मी भाऊंना देणं लागत होतो, आणि भाऊ त्या पोरीच्या आईला, मी परत आलो असतो किंवा नसतो तरी. तिचे पैसे माझ्या भल्या-बुऱ्या मनावर अवलंबून असायला नको होते. पण पुरावा माझ्याकडे असल्यामुळे ते तसे राहिले होते.

घर पैनगंगेच्या बाजूच्या वस्तीत होतं. पत्र्याचं, पुढे सारवलेलं अंगण. बाई घरीच होती. भाऊंनी काही आडपडदा न ठेवता सांगितलं, चूक माझी झाली, तुमची पोरगी खरं बोलत होती. आणि तीनशे रुपये पुढे केले.

मला वाटलं होतं बाई चिडेल. ती चिडली नाही. पैसे हातात धरून ती तिथेच उंबऱ्यावर बसली. माझ्याकडे बघून म्हणाली, "गुरुजी, म्या तिले मारलं हो. लय मारलं. ते म्हणे मी पाचशेचीच देली, मी पैसे नाही घेतले. म्या म्हटलं, मंग बिस्किटाचा पुडा कोठून आला?"

तो पाच रुपयांचा पुडा. तो बिलातच होता, आईने विचारून आणायला सांगितला नव्हता एवढंच. त्या पाच रुपयांच्या लबाडीवरून तीनशेची लबाडी सिद्ध झाली होती. मजुरीतले पाचशे, त्यातले तीनशे गेले. त्या वेळी सोयाबीनच्या सोंगणीत एका बाईला दिवसभर वाकून तीनशेसुद्धा पुरते मिळत नसत. तिचा राग मला समजत होता.

मुलगी दारात उभी होती. सगळं ऐकत होती. मी तिच्यापुढे गेलो आणि म्हटलं, "बाळ, तुझे पैसे माझ्याकडे आले होते. माझं चुकलं."

तिने मला ओळखलं असावं. थोडा वेळ बघत राहिली आणि विचारलं, "आजोबा, तुमाले कवा समजलं?"

एवढाच प्रश्न. पस्तीस वर्षांत मुलांनी मला हजारो प्रश्न विचारले, पण इतका अवघड एकही नव्हता. मी म्हणू शकलो असतो, आज समजलं. एका अर्थाने तेही खरंच होतं, तिचे पैसे आहेत हे मला आजच समजलं होतं. पण तिने ते विचारलं नव्हतं.

"त्याच राती," मी म्हटलं.

ती काही बोलली नाही. आत निघून गेली. आईने हाक मारली, "अवं, पैसे भेटले ना आता!" पण ती बाहेर आली नाही.

परत येताना भाऊ आणि मी फारसं बोललो नाही. मी मनात हिशेब करत होतो. चूक झाली रात्री साडेसातला. मला कळली आठला. आई पोरीला घेऊन दुकानात आली दुसऱ्या दिवशी सकाळी. मी रात्री आठ वाजता एक फोन केला असता तर मेळ घालताना भाऊंनी तीनशेचं कोडं तिथेच सोडवलं असतं, किंवा निदान सकाळी ती बाई आली तेव्हा त्यांना काय झालं ते क्षणात कळलं असतं. मार कदाचित रात्रीच बसला असेल, तो मला वाचवता आला नसता. पण पुढचे पाच दिवस वाचवता आले असते. चार गिऱ्हाइकांसमोरचा तो एक शब्द वाचवता आला असता. मी मात्र सहा दिवस असं धरून चाललो होतो की हे प्रकरण माझ्या आणि दुकानदाराच्या मधलं आहे, आणि दुकानदाराला तीनशे रुपयांनी काय फरक पडतो!

पुढे माझ्या पुतण्याने एका संशोधनाबद्दल सांगितलं. २०१३ साली प्रसिद्ध झालेलं, इस्रायलमधलं. तिथल्या एका उपाहारगृहात गिऱ्हाइकांना मुद्दाम जास्तीचे सुटे पैसे देऊन कोण परत करतं ते पाहिलं होतं. १९२ गिऱ्हाइकांपैकी १२८ जणांनी परत केले नाहीत. रक्कम मोठी होती तेव्हा परत करणारे जास्त निघाले, आणि नेहमी येणारी गिऱ्हाइकं एकदाच आलेल्यांपेक्षा जास्त वेळा परत करणारी निघाली. वाचून मला जरा ओशाळल्यासारखं झालं. मी नेहमीचा गिऱ्हाईक होतो, म्हणून निदान सहाव्या दिवशी तरी गेलो. हेच अकोल्याच्या स्टँडवर चहाच्या टपरीत झालं असतं तर? प्रामाणिकपणे सांगतो, मला खात्री नाही.

आता ही चूक झाली कशी, तेही सांगतो, कारण भाऊंनी आणि मी पुढे त्यावर बराच काथ्याकूट केला. जुन्या नोटा आकाराने बऱ्याच वेगळ्या असायच्या. नोव्हेंबर २०१६ नंतर आलेल्या नव्या नोटा लहान झाल्या, आणि पाचशे व दोनशे यांची रुंदी अगदी सारखी, लांबीत फरक फक्त चार मिलिमीटर. पाचशेची करडी, दोनशेची पिवळी, दिवसा चुकायला वाव नाही. पण चार्जिंगच्या दिव्यात, एक नोट घडीमुळे चुरगळलेली, आणि हाताला जुन्या आकारांची सवय. तरीही भाऊंच्या मते खरं कारण नोट नव्हेच. खरं कारण हे की दोन्ही नोटा आधी गल्ल्यात गेल्या आणि सुटे नंतर मोजले गेले. नोट एकदा गल्ल्यात गेली की कोणाची कोणती, याचा पुरावा संपला. मग उरते ती फक्त आठवण, आणि गर्दीच्या वेळी दुकानदाराची आठवण म्हणजे अंदाजच.

"बाबा असं कधी करत नसत," भाऊ म्हणाले. त्यांचे वडील गिऱ्हाइकाची नोट घेतली की मोठ्याने म्हणत, "पाचशे आले!" ती नोट गल्ल्यात न टाकता काउंटरवर वजनाच्या मापाखाली दाबून ठेवत. मग सुटे देताना वजाबाकी करत नसत, बिलापासून वर चढत जात. एकशे ऐंशी, हे वीस, झाले दोनशे. हे शंभर, तीनशे. हे शंभर, चारशे. हे शंभर, पाचशे. गिऱ्हाईक मान डोलावायचं, मगच नोट मापाखालून निघून गल्ल्यात जायची आणि मगच पुढचं गिऱ्हाईक. वेळ लागायचा. पण असं मोजताना दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघंही एकाच आकड्याकडे चढत जातात, चूक झाली तर दोघांनाही तिथेच दिसते. मुलगी लहान असली, तिला तीनशे वीसची वजाबाकी जमत नसली, तरी "पाचशे आले" हे तिला ऐकू गेलं असतं. आणि भाऊ "दोनशे आले" म्हणाले असते तर ती तिथल्या तिथे म्हणाली असती, "नाही, पाचशे!"

दुसऱ्या दिवसापासून भाऊंनी वडिलांची पद्धत पुन्हा सुरू केली. दोन किलोचं माप काउंटरवर कायमचं आलं.

त्या मुलीला नंतर मी एकदाच पाहिलं. दिवाळी झाल्यावर, त्याच दुकानात. पिशवी घेऊन एकटीच आली होती, म्हणजे आईने पुन्हा पाठवायला सुरुवात केली होती. शंभराची नोट काउंटरवर ठेवली, पण त्यावरचं बोट काढलं नाही. भाऊ म्हणाले, "शंभर आले." तिने ऐकलं, मग बोट काढलं. सुटे घेतले, तिथेच उभं राहून दोनदा मोजले. माझ्याकडे पाहिलं, हसली नाही. मीही हसायला गेलो नाही. ते बोट मला अजून दिसतं.

आता बहुतेक दुकानांत मोबाइलने पैसे देतात. पैसे आले की काउंटरवरची ती छोटी पेटी मोठ्याने रक्कम सांगते. भाऊंच्या दुकानात पहिल्यांदा ती ऐकली तेव्हा आम्ही दोघंही एकदम एकमेकांकडे बघितलं. "बाबा बोलले!" भाऊ म्हणाले.

पण लहान मुलं आणि म्हातारी माणसं अजून नोटाच घेऊन येतात. आणि नातवाने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे. मी मागे लाईन लागली तरी पैसे मोजतो, ते मला कमी आले का हे बघायला नाही. जास्त आले असतील तर ते कोणाचे, हे शेजारचं माणूस निघून जायच्या आत कळावं म्हणून.

असो. फार लांबलं.